विलीनीकरण आणि दादाची तीन उत्तरं

आमच्या भागातला पंपांचा कारखाना एका मोठ्या कंपनीत विलीन होणार, ही प्रेसनोट फोनवर आली तेव्हा मी खालापूरच्या पुढे उलटलेल्या कांद्याच्या ट्रकचे फोटो काढत होते. ड्रायव्हर सुखरूप होता आणि कांदा गोणीत भरून न्यायला आसपासची निम्मी गावं लोटली होती. माझ्या ओळखपत्रावर ‘तालुका प्रतिनिधी’ असं छापलेलं आहे. कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत जे काही उलटतं, बुडतं, जळतं किंवा ज्याचं उद्घाटन होतं ते सगळं माझ्या वाट्याला येतं. कंपन्यांचे व्यवहार हा माझा प्रांत नव्हता.

संपादकांचा फोन आला. दोन मालक हात मिळवतानाचा फोटो सोबत आहे, आठ ओळी घ्या, प्रेसनोट जशीच्या तशी, कांदा उद्या बघू. आमच्याकडे कारखान्याची बातमी म्हणजे प्रेसनोट जशीच्या तशीच. कारखाना दर दिवाळीला आमच्या अंकाला पानभर जाहिरात देतो. त्या पानावरच आमचा दिवाळी अंक उभा असतो, त्यामुळे कारखान्याला प्रश्न विचारणं म्हणजे जेवत्या ताटाला लाथ मारणं, असा संपादकांचा सिद्धान्त होता.

पण मी नुकतीच अलिबागला पत्रकारांच्या एका कार्यशाळेला जाऊन आले होते. तिथे एक निवृत्त वार्ताहर बाई आल्या होत्या. सगळे जेवणाच्या घंटेकडे कान लावून बसलेले असताना त्यांनी एवढंच सांगितलं की दोन कंपन्या एक होताहेत अशी बातमी आली की मालकांचे फोटो बाजूला ठेवा आणि तीन प्रश्न विचारा. कामगारांचं काय बदलणार, गिऱ्हाइकांचं काय बदलणार आणि भागधारकांचं काय बदलणार. मला ते पटलं होतं. शिवाय या तिन्ही प्रश्नांची उत्तरं मला एकाच घरात मिळणार होती, कारण माझा थोरला भाऊ कामगार होता, गिऱ्हाईक होता आणि भागधारकही होता.

दादा कडावला राहतो. शेतीचे पंप बनवणाऱ्या त्या कारखान्यात तो तरुणपणीच लागला. रोज कंपनीच्या बसने खालापूरला जातो, संध्याकाळी येऊन भातशेती बघतो. शेतात पंप कारखान्याचाच. कंपनी शेअर बाजारात गेली तेव्हा कामगारांसाठी काही शेअर राखून ठेवले होते, बहुतेक सगळ्यांनी घेतले, तसे थोडे त्यानेही घेतले. वहिनी गावातल्या अंगणवाडीची सेविका आहे. तिच्या हाताखाली गावातली सगळी लहान मुलं आणि एक दादा, असा तिचा पट आहे.

संध्याकाळी मी थेट कडावला गेले. वाटेत कारखान्याच्या गेटवर आधीच फ्लेक्स लागला होता, विलीनीकरणाबद्दल हार्दिक अभिनंदन, खाली गावातल्या सगळ्या होतकरूंचे गॉगल घातलेले फोटो. कुणी कुणाचं अभिनंदन करतंय हे कुणालाच माहीत नव्हतं, पण पेढे वाटले जात होते. आमचा मामा तिथेच भेटला, तो एसटीच्या लाल गाडीवर कंडक्टर होता. तो पेढा तोंडात टाकून म्हणाला, सरकारात विलीनीकरण मागायला आमी संपात तंबू ठोकून बसलो, आन् तुमाला बसल्या जागी मिळालं, नशीब लागतं.

दादा ओट्यावर पाय धूत होता. मी वही काढली तर तो लगेच ताठ बसला, आवाजही बदलला. दादाच्या घशात एक वेगळा आवाज आहे, तो फक्त सरपंचाशी आणि डॉक्टरशी बोलताना निघतो.

आधी कामगार म्हणून विचारलं. कामगार म्हणून दादा नाराज होता. बाहेरची मोठी कंपनी येणार, नवे साहेब येणार, त्यांना आपली माणसं ओळखीची नाहीत, कॅन्टीनची भाजी बदलेल, असं बरंच काही त्याने सांगितलं. मग गिऱ्हाईक म्हणून विचारलं, तर तो संतापलाच. शेतातल्या पंपाचा सील गेला होता आणि कर्जतच्या दुकानदाराने हे मॉडेल आता बंद होईल असं सांगून नवा पंप गळ्यात मारायचा घाट घातला होता. स्वतः बनवलेल्या पंपाचा सील स्वतःलाच मिळत नाही, ही काय रीत झाली, असं तो म्हणाला. जणू सील मीच लपवला होता.

शेवटी भागधारक म्हणून विचारलं. दादाने इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

“भाव चढलाय बरं का. सकाळपासून चढतोय.”

तो हसत होता. शेअर बाजाराने दादाला आजवर कधी हसवलेलं मी पाहिलं नव्हतं. एकच गोष्ट त्याला खुपत होती. प्रेसनोटमध्ये लिहिलं होतं की आमच्या कंपनीच्या पाच शेअरांमागे मोठ्या कंपनीचे दोन शेअर मिळतील. पाचाचे दोन झाले म्हणजे तीन कुठे गेले, असं त्याने मला दरडावून विचारलं. मी समजावलं की त्यांचा एकेक शेअर आपल्यापेक्षा खूप महाग आहे, दोन घेतले तरी आपल्या पाचांपेक्षा जास्त भरतात, म्हणून तर आपला भाव चढला. मोडून उरलेल्या अर्ध्यामुर्ध्या शेअराचे पैसे मिळतील, तेही सांगितलं. आतून वहिनी म्हणाली, नांदायला जाताना पाच पातळं नेली आन् दोन पैठण्या आल्या तर रडायचं कशाला. मला जमलं नव्हतं ते तिने एका वाक्यात केलं.

दोन दिवसांनी खालापूरजवळच्या एका रिसॉर्टमध्ये पत्रकार परिषद झाली. मुंबईहून कंपनीचे मनुष्यबळ अधिकारी आले होते, गोरेगोमटे, मऊ बोलणारे. आम्हा सगळ्यांना एकेक पिशवी मिळाली, त्यात एक डायरी आणि एक छोटा प्लास्टिकचा पंप, टेबलावर ठेवायला. दोन्ही तालुक्यांतले पत्रकार कोथिंबीर वडीवर तुटून पडले होते. मी उभी राहिले.

भागधारकांबद्दल त्यांनी नीट सांगितलं. दोन्ही कंपन्यांच्या संचालकांनी मंजुरी दिली आहे. पण म्हणून उद्याच काही होत नाही. शेअर बाजार बघेल, मग कंपन्यांच्या न्यायाधिकरणाच्या हुकमाने भागधारकांचं मतदान होईल, मग न्यायाधिकरण मंजुरी देईल. वर्षभर तरी जाईल. तोपर्यंत कंपनी वेगळी, गेटवरचा बोर्ड वेगळा. गिऱ्हाइकांबद्दल म्हणाले, पंपाचं नाव तेच राहील, हमीही नवी कंपनी पाळेल. जुन्या मॉडेलचे सुटे भाग मिळतील का, या प्रश्नावर ते पाणी प्यायले. मग कामगार.

“एकही माणूस कमी होणार नाही. नोकरी सलग धरली जाईल, ग्रॅच्युइटी, फंड, सगळं सलग. सेवाशर्तींमधला एक शब्दही बदलणार नाही, हे योजनेतच लिहिलंय.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावणार होते. पण सेवाशर्ती म्हटल्यावर मला कारखान्यातला जुना विनोद आठवला. तिथे नेमणूक देताना प्रत्येकाला सांगतात की कंपनी तुमची बदली आपल्या कुठल्याही कारखान्यात करू शकते. कंपनीचा कारखाना मात्र एकच. त्यामुळे कुणी आगाऊपणा केला की मुकादम म्हणायचा, बदली करीन, आणि सगळे विचारायचे, कुठं, एक नंबर गेटवरून दोन नंबर गेटवर का. दादा ही गोष्ट लग्नाकार्यात रंगवून सांगायचा.

मी विचारलं, ‘आपल्या कुठल्याही कारखान्यात’ हा शब्दही बदलणार नाही का? ते म्हणाले, नाही, तोही तसाच. मी म्हटलं, पण मोठ्या कंपनीचे कारखाने तर तीन परराज्यांत आहेत. मग ‘आपल्या’ म्हणजे आता ते सगळे?

ते हसले, छान हसले. म्हणाले, मॅडम, सध्या तसा काही विचार नाही. मी विचारलं, तसा विचार नाही हे लिहून देणार का? तेव्हा त्यांनी पुढचा प्रश्न मागितला, आणि पुढच्या पत्रकाराने त्यांना सेल्फी मागितला.

बातमी मी तीन भागांत लिहिली आणि कामगारांचा भाग वर घेतला. अट तीच, कारखाने नवे, आता बदली परराज्यातही. संपादकांनी फोनवर मला माझ्या कुळासकट ऐकवलं. पण त्यांचा सख्खा मेहुणाही त्याच कारखान्यात पॅकिंगला होता, हे मला माहीत होतं. बातमी छापली गेली. समोरच्या पानावर कारखान्याची शुभेच्छांची जाहिरातही होती, ती कुठून उपटली कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी गेटवरचा फ्लेक्स उतरला होता. कडावला दादा अंगणात उभा होता, कामावर जायच्या कपड्यांत. बस निघून गेली तरी उभाच.

“ही गेटाची मस्करी आता खरी व्हनार का गं?”

मला भाऊ एवढा बावरलेला बघवला नाही. हा माणूस परराज्यात एकटा राहणार कसा, हा विचार माझ्या डोक्यात आधी आला. दादाला चहा करता येत नाही. त्याने एकदा प्रयत्न केला तेव्हा पातेलं टाकून द्यावं लागलं होतं. वहिनीची अंगणवाडी गावातच, ती सोडून जाणार नाही. वीज तयार करून उरलेलं पाणी वीजघरातून कालव्याला सुटतं तेव्हा रात्री-अपरात्री पाळी धरून शेतात उभं कोण राहणार? भावाभावात वाटण्या झाल्या तरी दादाने एवढासा तुकडा कधी पडीक ठेवला नाही. त्याला तिथून उचललं तर तो वाळेल, हे मला स्पष्ट दिसत होतं.

युनियनने पनवेलचा एक वकील बोलावला. कारखान्याबाहेरच्या वडाखाली सभा झाली. दादा पुढच्या रांगेत. वकिलाने जे सांगितलं ते ऐकून सगळ्यांच्या माना वर झाल्या. विलीनीकरण मंजूर व्हायला मत देणाऱ्या भागधारकांच्या शेअरांपैकी तीन चतुर्थांश शेअर बाजूने हवेत. त्यात कामगार कुठेच नाहीत, त्यांचे शेअर चिमूटभर. पण तेवढ्यावर भागत नाही, मत देणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त डोकीही बाजूने लागतात. डोकं मोजताना मालकाचं डोकं एक आणि पॅकिंगवाल्याचं डोकंही एकच. बाहेरचे छोटे भागधारक कधी मत द्यायचे कष्ट घेत नाहीत. कामगारांनी एकजुटीने ‘नाही’ दाबलं तर योजना अडेल, आणि मग कंपनी बदलीबाबत लेखी करार करायला स्वतः वडाखाली येईल. त्या कराराशिवाय, वकील म्हणाला, ‘एक शब्दही बदलणार नाही’ हीच तुमची अडचण आहे.

टाळ्या पडल्या. दादाने उठून भाषण ठोकलं. तो सरपंचाशी बोलतानाचा आवाज नव्हता, त्याचा स्वतःचा होता. आमाला कुनाचं वाईट नाय करायचं, पन आमी हितलेच, हितंच ऱ्हानार, असं काहीसं तो बोलला आणि मला अभिमानाने रडू आलं. मी त्याचा फोटो काढला. तो छापूनही आला.

मग मतदान आलं. ते हल्ली फोनवरच होतं, तीन-चार दिवस खिडकी उघडी असते, ज्याने त्याने घरी बसून दाबायचं. त्याच आठवड्यात कुणीतरी पुडी सोडली की कोणी काय दाबलं ते कंपनीला दिसतं. मी वकिलाला फोन केला. तो म्हणाला, मतमोजणी करणारा बाहेरचा असतो, निकाल लागेपर्यंत कुणालाच काही दिसत नाही. ते मी दादाला सांगितलं. त्याने विचारलं, आन् निकालानंतर? ते मी वकिलाला विचारलं, तर तो म्हणाला, नंतर कागद कंपनीच्या ताब्यात जातात, पण त्यावरून कुणी कुणाला त्रास देणार नाही, बेकायदा आहे ते. दादा बरं म्हणाला. तो सहसा एवढ्यावर बरं म्हणत नाही, पण मी त्या दिवशी माथेरानच्या पायथ्याला वणव्याच्या बातमीवर होते, मला घाई होती.

दादाने मत दिलं तेव्हा मी कडावलाच होते. घरात रेंज नाही म्हणून तो फोन घेऊन शेताच्या बांधावर गेला. पासवर्डचा मेसेज आला, चष्मा विसरला म्हणून परत आला, पुन्हा गेला. बऱ्याच वेळाने आला आणि झालं म्हणाला. वहिनीने जेवायला वाढलं.

निकाल शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर लागला. मी तो तीनदा वाचला. शेअरांच्या हिशेबाने जबरदस्त बहुमत, ते ठाऊकच होतं. डोक्यांच्या हिशेबानेही मंजूर. आणि विरोधात पडलेली डोकी युनियनच्या सभासदांच्या मानाने इतकी थोडी होती की मला वाटलं आकड्यांची चूक असेल. मी संपादकांना फोन केला. ते म्हणाले, आता तरी आठ ओळी आणि हात मिळवतानाचा फोटो.

वडाखाली पुन्हा सभा झाली, पण ती लवकर आटोपली. प्रत्येकजण दुसऱ्याकडे बघत होता. गावागावांत कुजबूज सुरू झाली. पॅकिंगवाले म्हणत होते मशीनशॉपवाल्यांनी घात केला, मशीनशॉपवाले म्हणत होते चढलेल्या भावाला पॅकिंगवाले भुलले. कोंडाणे गावाकडून कामाला येणारे दोघे कुणाशी बोलेनासे झाले. मीही मनातल्या मनात नावं घातली. संपादकांच्या मेहुण्याचं नाव सगळ्यात वर होतं.

पुढे न्यायाधिकरणाचीही मंजुरी आली, बोर्ड बदलला, शेअर दोनाच्या हिशेबाने खात्यात पडले. सगळं कबूल केल्याप्रमाणे झालं. एकही माणूस कमी झाला नाही, नोकरी सलग राहिली, एक शब्दही बदलला नाही. त्यानंतर काही महिन्यांनी बदल्यांचे हुकूम निघाले. इथलं मशीनशॉप लहान होणार होतं आणि अनुभवी माणसं परराज्यातल्या नव्या कारखान्यात हवी होती. त्यात दादा होता. संपादकांचा मेहुणा नव्हता. युनियनने वकिलाला फोन केला, तेव्हा तो म्हणाला, लढू, पण अट तुमच्या नेमणुकीतच आहे, वेळ लागेल, आणि हजर तर व्हावंच लागेल.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी कडावला गेले. वहिनीने ट्रंक बांधून ओट्यावर ठेवली होती. तिने त्याला दिवसभर चहा करायला शिकवलं होतं, चार वेळा केला, त्यातला एक पिण्यासारखा झाला होता. दादा चेष्टा करायचा प्रयत्न करत होता. तिकडं भाषा वेगळी हाय, म्हंजे साहेब शिव्या देल तरी कळनार नाय, असं म्हणत होता. मी हसले नाही. माझ्या पोटात संपादकांच्या मेहुण्याबद्दलचा राग होता, तो मी बाहेर काढला. ज्यांनी ‘हो’ दाबलं त्यांचं कधी भलं होणार नाही, त्यांनी चढलेल्या भावासाठी तुझं घर मोडलं, असं बरंच बोलले. माझं तोंड सुटलं की थांबत नाही, हा घराण्याचाच दोष आहे.

 दादा ट्रंकेच्या कडीशी चाळा करत म्हणाला,

“मी व्हय दाबलं गं.”

मला आधी कळलंच नाही.

“भावासाठी नाय. तो चढला काय, उतरला काय. म्हटलं, कंपनीला दिसनार हाय तर आपलं नाव चांगल्यात ऱ्हाऊ दे. बाकीचे सगळे नाय दाबनारच हायत. माझ्या एकानं काय अडतंय.”

तो माझ्याकडे बघत नव्हता. म्हणाला, मुकादमानेही तेच केलं, पॅकिंगच्या पोरांनीही तेच, आता हळूहळू सगळे एकमेकांना सांगतायत. प्रत्येकाला वाटलं बाकीचे आहेत. मी वडाखाली काढलेला फोटो, ते भाषण, ते माझं रडणं, सगळं माझ्यासमोर आलं आणि मला त्याचा प्रचंड राग आला. त्याला झोडपावंसं वाटलं. आणि तो फार म्हातारा दिसत होता.

वहिनी दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. मी तिच्याकडे बघितलं, ती तरी त्याला बोलेल म्हणून. ती येऊन त्याच्या शेजारी ट्रंकेवर बसली.

“मला इचारलं असतं, तर मी पन व्हयच दाबा म्हटलं असतं,” ती म्हणाली.